किलोभर मैद्याला यीस्ट किती?

इंग्लंडमधल्या कुठल्याही साध्या पावाच्या कृतीत एक माप हमखास सापडतं: अर्धा किलो पीठ आणि सात ग्रॅम सुक्या यीस्टची एक पुडी. म्हणजे किलोला चौदा ग्रॅम. हे माप पुडीच्या सोयीने रूढ झालं आहे. पुडी फोडायची, सगळी ओतायची, अर्धवट उरलेलं यीस्ट सांभाळायची कटकट नाही. तिथल्या वीस-एकवीस अंशांच्या स्वयंपाकघरात या मापाने पीठ तास-दीड तासात दुप्पट होतं आणि सगळं सुरळीत पार पडतं. तीच कृती मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला केली, तर ते पीठ अर्ध्या-पाऊण तासात भांड्याच्या काठापर्यंत येतं. कृतीत ‘तासभर झाकून ठेवा’ लिहिलेलं असतं, म्हणून करणारी व्यक्ती तासभर थांबते. तोवर पीठ फुगून मध्ये बसलेलं असतं, त्याला आंबूस दारूसारखा वास येत असतो आणि पाव भट्टीतून फिकट, चपटा बाहेर येतो. दोष यीस्टवर किंवा मैद्यावर जातो. खरं तर दोन्ही उत्तम असतात. चुकलेली असते ती एकच गोष्ट: ते चौदा ग्रॅम किती वेळासाठी आणि किती गरमीसाठी होते, हे कुणी सांगितलेलं नसतं.

यीस्टचं प्रमाण हे मिठासारखं चवीचं माप नाही. किलोभर पिठाला वीस ग्रॅम मीठ लागतं ते पुण्यातही आणि पॅरिसमध्येही. यीस्ट किती, हे मात्र दोन प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय ठरतच नाही. पीठ किती तासांत तयार हवं आहे? आणि त्या तासांत ते किती तापमानात राहणार आहे? इडलीचं पीठ थंडीत सकाळपर्यंत फुगत नाही आणि उन्हाळ्यात रात्रीतच पातेल्याबाहेर येतं, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिथे आपण बाहेरून काही मोजून घालत नाही, त्यामुळे हातात फक्त वेळ उरते. पावाच्या पिठात यीस्ट आपण मोजून घालतो, म्हणून तिथे आणखी एक दोर आपल्या हातात असतो. तो नीट ओढता यावा, एवढ्यासाठी हा लेख.

आधी एक खुंटा ठोकून घेऊ, म्हणजे पुढची सगळी मापं त्याला बांधता येतील. एक किलो मैदा, वीस ग्रॅम मीठ, सहाशे ते साडेसहाशे ग्रॅम पाणी आणि दहा ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. पिठाचं तापमान पंचवीस अंश सेल्सिअस. असं पीठ साधारण दीड तासात दुप्पट होतं. यीस्टचा ब्रँड, मैद्याची जात, मळण्याची पद्धत यांमुळे दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतील, पण घरच्या कामाला हा खुंटा पक्का आहे. इन्स्टंट यीस्ट म्हणजे बारीक दाण्याचं, थेट पिठात मिसळायचं सुकं यीस्ट. जाड दाण्याचं, कोमट पाण्यात भिजवून फेस आणावा लागतो ते ‘अॅक्टिव्ह ड्राय’. त्यात मेलेल्या पेशींचं प्रमाण जास्त असतं, म्हणून ते दहाऐवजी बारा-तेरा ग्रॅम घ्यावं लागतं. बेकऱ्यांत वापरतात ते ओलं, वडीसारखं ताजं यीस्ट. त्यात जवळपास सत्तर टक्के पाणी असल्याने ते तिप्पट, म्हणजे तीस ग्रॅम लागतं. पुढे मी ‘यीस्ट’ म्हणेन तेव्हा ते इन्स्टंटच समजावं.

आता वेळेचा हिशेब. यीस्ट ही जिवंत, एकपेशीय बुरशी आहे. ती पिठातली साखर खाते, कार्बन डायऑक्साइड वायू आणि अल्कोहोल सोडते. वायू मैद्याच्या चिवट जाळीत अडकतो आणि पीठ फुगतं. वायू तयार करणाऱ्या पेशी निम्म्या केल्या, तर तेवढाच वायू बनायला साधारण दुप्पट वेळ लागणार, हे सरळ आहे. म्हणून दहाऐवजी पाच ग्रॅम यीस्ट घातलं, तर दीडऐवजी पावणेतीन-तीन तास. अडीच ग्रॅम घातलं, तर पाच तासांच्या आसपास.

पण एक ग्रॅमवर आलो, तर गुणाकाराने पंधरा तास यायला हवेत आणि प्रत्यक्षात पीठ दहा-अकरा तासांतच दुप्पट झालेलं दिसतं. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. दीड-दोन तासांच्या छोट्या मुदतीत यीस्टच्या पेशींची संख्या फारशी वाढत नाही. जेवढ्या घातल्या तेवढ्याच राबतात. मुदत सहा, आठ, दहा तासांवर गेली की पेशींना अंकुर फुटून नव्या पेशी तयार व्हायला सवड मिळते आणि मूळच्या एक ग्रॅमच्या जोडीला त्यांची पिलावळही कामाला लागते. म्हणून वेळ दुप्पट करायची असेल, तर यीस्ट निम्म्याहून थोडं कमीच करावं लागतं. लहान फरकासाठी निम्म्याचा नियम चालतो. संध्याकाळचं पीठ रात्रभरावर न्यायचं असेल, तर मात्र तो तुम्हाला फसवेल. सरळ गुणाकाराने काढलेलं माप नेहमी जास्त निघतं आणि पहाटे चारलाच पीठ उतू जातं.

तापमानाचा परिणाम याहून जबर आहे आणि लोक नेमका तोच कमी धरतात. वीस ते तीस अंशांच्या पट्ट्यात पीठ दहा अंशांनी गरम झालं, की फुगण्याचा वेग अडीच पटींच्या आसपास वाढतो. एका अंशाला साधारण एक दशांश, असं लक्षात ठेवायला हरकत नाही. म्हणजे स्वयंपाकघर पंचविसाऐवजी अठ्ठावीस अंशांवर असेल, तर तेवढ्याच वेळासाठी यीस्ट पाव हिश्शाने कमी घालायचं. ‘रूम टेंपरेचरला ठेवा’ या तीन शब्दांत केवढा घोळ दडलेला आहे, हे त्यावरून कळतं. पुण्यात जानेवारीच्या रात्री ओट्यावर सतरा-अठरा अंश असतात आणि मेच्या दुपारी तेहतीस. या दोन टोकांमध्ये वेगाचा फरक चारपटीहून अधिक पडतो.

हा वेग अर्थात कायम वाढत राहत नाही. पस्तिशीच्या पुढे तो मंदावू लागतो, चाळिशीच्या वर यीस्ट त्रासतं आणि पंचावन्न-साठ अंशांच्या दरम्यान मरतं. खालच्या बाजूला दहा अंशांखाली ते सुस्तावतं आणि फ्रिजच्या चार अंशांवर जवळजवळ झोपतं, पण मरत नाही.

याचं एक चांगलं उदाहरण म्हणजे न मळता करायचा पाव. न्यूयॉर्कच्या सलिव्हन स्ट्रीट बेकरीचे जिम लेही यांची ही कृती 2006 साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आली आणि जगभर पसरली. तीन कप पीठ आणि फक्त पाव चमचा इन्स्टंट यीस्ट. पीठ सैल कालवून बारा ते अठरा तास झाकून ठेवायचं, मळायचं नाही. वेळच मळण्याचं काम करते, कारण ओल्या पिठात ग्लुटेनचे धागे आपोआप जुळत जातात. आपल्याकडे अनेकांनी ही कृती केली आणि उन्हाळ्यात ती बिघडली. असं का झालं, ते आकड्यांनी पाहू.

पाव चमचा यीस्ट म्हणजे सुमारे पाऊण ग्रॅम आणि तीन कप पीठ म्हणजे चारशे ग्रॅमच्या आसपास. किलोला हिशेब केला तर सुमारे दोन ग्रॅम. लेहींनी गृहीत धरलेलं तापमान सत्तर फॅरनहाइट, म्हणजे एकवीस अंश सेल्सिअस. हे पीठ दुप्पट होऊन थांबत नाही, त्याहून पुढे, वर बुडबुड्यांची नक्षी दिसेपर्यंत ठेवायचं असतं, म्हणून वेळ इतकी लांब. आता हेच पीठ विदर्भातल्या मेमधल्या रात्री बत्तीस अंशांवर ठेवलं. अकरा अंशांचा फरक, म्हणजे वेग पावणेतीन पट. बारा ते अठरा तासांचं काम चार ते साडेसहा तासांत उरकतं. रात्री दहाला कालवलेलं पीठ पहाटे तीन-चारलाच तयार होतं आणि सकाळी दहाला उठवायला जावं, तर ते पातळ, चिकट आणि आंबट झालेलं असतं. कृतीत चूक नाही, पीठही चांगलं आहे. बारा तासांचीच मुदत हवी असेल, तर यीस्ट दोनऐवजी किलोला अर्धा-पाऊण ग्रॅम घालायला हवं. किंवा दोन ग्रॅम तसंच ठेवून सकाळी कालवावं आणि दुपारी भाजावं.

इथे एक मर्यादा सांगितलीच पाहिजे, कारण केवळ यीस्ट कमी करत गेलं की सगळं जमेल, असं नाही. पिठात यीस्ट एकटं नसतं. मैद्यातच प्रथिनं आणि स्टार्च तोडणारी एन्झाइम असतात आणि थोडे लॅक्टिक आम्लाचे जिवाणूही असतात. उष्णतेने त्यांचाही वेग वाढतो आणि तो आपण घातलेल्या यीस्टवर अवलंबून नसतो. चौतीस-पस्तीस अंशांवर अगदी चिमूटभर यीस्ट घालून बारा तास काढले, तर पीठ जेमतेम योग्य तेवढं फुगलेलं दिसेल. पण हाताला ते ढिलं, ओलसर लागेल, कारण तोवर एन्झाइमांनी ग्लुटेनची जाळी कुरतडलेली असेल. माझ्या मते तीस अंशांपर्यंत रात्रभर बाहेर ठेवायला हरकत नाही. त्याच्या वर मुदत चार-पाच तासांच्या आत आणावी, नाहीतर फ्रिज वापरावा.

आता लादीपावाचं एक प्रत्यक्ष गणित पुण्याच्या घरात दोन ऋतूंत मांडून पाहू. किलोभर मैदा, वीस ग्रॅम मीठ, चाळीस ग्रॅम साखर, पन्नास ग्रॅम तेल किंवा लोणी आणि सव्वासहाशे ग्रॅम पाणी. दुपारी मळायचं, पहिलं फुगणं दोन तासांत व्हायला हवं, मग गोळे करून लादी भरायची आणि संध्याकाळी पाव भट्टीत.

यीस्टच्या आधी पाण्याकडे पाहायला हवं. पिठाचं तापमान हे खोलीच्या, मैद्याच्या आणि पाण्याच्या तापमानांनी मिळून ठरतं, आणि मळताना घर्षणाने त्यात थोडी भर पडते. या चारांपैकी आपल्या हातात सहज बदलता येणारं फक्त पाणी आहे. बेकरीवाले यासाठी एक सोपा हिशेब करतात. हवं ते तापमान तिनाने गुणायचं आणि त्यातून खोलीचं, मैद्याचं आणि घर्षणाचं तापमान वजा करायचं. उरेल ते पाण्याचं. आपल्याला पीठ सव्वीस अंशांवर हवं आहे, म्हणजे अठ्ठ्याहत्तर. मेमध्ये खोली तेहतीस, डब्यातला मैदाही तेहतीस आणि हाताने मळण्याचे दोन. वजाबाकी करून उरतात दहा. म्हणजे फ्रिजमधलं गार पाणी लागेल. मिक्सरने मळायचं असेल, तर घर्षणाचे दोनऐवजी आठ-दहा अंश धरावे लागतात आणि पाण्यात बर्फ टाकावा लागतो. नेमक्या याच दिवसांत गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी दुपारी चांगलंच गरम असतं. ते तसंच वापरलं, तर पीठ मळून होतानाच पस्तिशीला पोचतं आणि मग यीस्टचं कुठलंच माप बरोबर ठरत नाही. जानेवारीत खोली अठरा, मैदा अठरा, मळण्याचे दोन. अठ्ठ्याहत्तरातून अडतीस गेले, उरले चाळीस. हाताला छान कोमट लागणारं पाणी. त्याहून फार गरम नको, कारण यीस्ट भाजण्याची भीती सुरू होते.

म्हणजे दोन्ही ऋतूंत पीठ सव्वीस अंशांवर तयार झालं. पण ते तिथे राहत नाही. मेमध्ये ते हळूहळू तेहतिसाकडे चढतं, जानेवारीत अठराकडे उतरतं. दोन तासांत मेमधल्या पिठाची सरासरी तीस धरू आणि जानेवारीतल्याची बावीस. आपल्या खुंट्यापाशी जाऊ: दहा ग्रॅम, पंचवीस अंश, दीड तास. दोन तासांसाठी पंचवीस अंशांवर सात ग्रॅम पुरतील. मेमध्ये सरासरी पाच अंश जास्त, म्हणून ते साडेचार ग्रॅमवर येतं. जानेवारीत तीन अंश कमी, म्हणून ते साडेनऊ-दहा ग्रॅमवर जातं. तोच मैदा, तेच घर, तेवढेच दोन तास आणि तरीही यीस्ट दुपटीहून कमी-जास्त. मेमध्ये कुणी जानेवारीचे दहा ग्रॅम घातले, तर पहिलं फुगणं तासाभरात संपेल आणि दुसरं, म्हणजे लादीत भरल्यानंतरचं, इतक्या झपाट्याने होईल की शेवटचा गोळा वळेपर्यंत पहिला गोळा फुगून तयार असेल.

या गणितातून एक गोष्ट बाजूला काढून ठेवावीशी वाटते. मुदत लहान असेल, तर पिठाचं सुरुवातीचं तापमान राज्य करतं, म्हणून पाणी मोजणं महत्त्वाचं. मुदत आठ-दहा तासांची असेल, तर किलो-दीड किलोचं पीठ दोन-तीन तासांत खोलीच्या तापमानाजवळ येतं आणि मग खोलीच राज्य करते. बेकरीत शंभर किलोचं पीठ असतं. ते स्वतःची ऊब धरून ठेवतं आणि आंबताना आणखी उष्णता निर्माण करतं, त्यामुळे तिथे थंडीच्या रात्रीही पिठाला घरच्यासारखी हुडहुडी भरत नाही. बेकरीचं माप घरच्या एका किलोला नुसतं भागून आणलं तर ते थंडीत कमी पडतं, याचं हेही एक कारण आहे.

रात्रभराचा हिशेब याच रीतीने करता येतो. रात्री दहाला मळून सकाळी सहाला गोळे करायचे, म्हणजे आठ तास. मेमध्ये रात्री स्वयंपाकघर एकोणतीस अंशांवर असेल, तर किलोला एक ग्रॅमच्या किंचित आत. जानेवारीत अठरा अंशांवर तीन ग्रॅम. घरच्या चमच्याने तीन ग्रॅम मोजता येतात, कारण सपाट केलेला मोजमापाचा एक छोटा चमचा म्हणजे साधारण तीन ग्रॅमच. एक ग्रॅमला मात्र घरचा साधा काटा दगा देतो. त्याला ग्रॅमभर वजन धड जाणवत नाही. सराफांकडे असतो तसा बारीक डिजिटल काटा मिळतो, पण तो नसला तरी चालतं. पाच ग्रॅम यीस्ट पंचाण्णव ग्रॅम पाण्यात नीट कालवायचं. आता या शंभर ग्रॅममधल्या प्रत्येक वीस ग्रॅमात एक ग्रॅम यीस्ट आहे. ढवळून लगेच हवं तेवढं काढायचं, कारण यीस्ट तळाशी बसतं, आणि पिठाच्या पाण्यातून तेवढं पाणी वजा करायचं. उरलेलं कालवण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

एवढं करून कमी यीस्टच्या मागे का लागायचं, दहा ग्रॅम घालून तासाभरात मोकळं का होऊ नये? त्याचं उत्तर चवीत आहे. वेळ मिळाला की एन्झाइमांनी स्टार्चमधून सोडलेली साखर पिठात साठते, थोडं आम्ल तयार होतं, अल्कोहोलसोबत वासाची इतर द्रव्यं बनतात. पावाचं कवच नीट तांबूस होतं आणि तो दुसऱ्या दिवशीही लवकर शिळा वाटत नाही. भरपूर यीस्ट घालून घाईत फुगवलेला पाव हलका असतो खरा, पण त्याला पिठाची चव कमी आणि यीस्टचाच वास जास्त येतो. गोव्यात पूर्वी पोदेर यीस्टच्या जागी माडाची सूर घालून पीठ आंबवत. सुरेत रानटी यीस्ट आणि जिवाणू दोन्ही असल्याने ते आंबवणं संथ असे आणि त्या पावाला स्वतःची चव असे. आज बहुतेक ठिकाणी बाजारचं यीस्ट वापरतात. त्यात काही गैर नाही. पण तेच यीस्ट कमी घालून मुदत वाढवली, तर चवीचा बराचसा भाग परत मिळतो. घरी पाव करणाऱ्याला बेकरीइतकी घाई नसते, तेव्हा दोन तासांऐवजी पाच तास देणं त्याला परवडतं, असं मला मनापासून वाटतं.

साखर आणि मीठ यांबद्दल थोडक्यात. मीठ यीस्टला लगाम घालतं. ते विसरलं, तर पीठ भराभर फुगतं आणि ढिलं पडतं, त्यामुळे वर दिलेली सगळी मापं दोन टक्के मिठावर धरलेली आहेत. थोडी साखर यीस्टला आवडते. पण किलोला शंभर ग्रॅमच्या पुढे गेलो, की साखर पेशीतलं पाणी बाहेर ओढते आणि यीस्ट मंदावतं. गोड बन, फळांचा पाव यांत दीडशे ग्रॅम साखर असेल, तर यीस्ट दीडपटीच्या आसपास घ्यावं लागतं.

मापं कितीही जुळवली, तरी पीठ तयार झालं हे डोळ्यांनी ओळखावंच लागतं. मोठ्या परातीत ‘दुप्पट’ म्हणजे किती, हे कुणालाही नीट कळत नाही, कारण पीठ आडवंही पसरतं. मळून झाल्यावर लिंबाएवढा तुकडा काढून सरळ उभ्या काचेच्या छोट्या ग्लासात दाबून बसवावा, बाहेरून त्याच्या उंचीवर रबर लावावं आणि ग्लास मुख्य पिठाला चिकटूनच ठेवावा. तुकड्याची उंची दुप्पट झाली, की पीठ तयार. ग्लास खिडकीत किंवा गॅसजवळ ठेवला, तर तो खोटं सांगेल, कारण लहान तुकडा चटकन गरम किंवा गार होतो. लादीत भरल्यानंतर बोटाची खूण पाहावी. पीठ लावलेल्या बोटाने गोळा हलकेच दाबला आणि खड्डा लगेच भरून आला, तर अजून वेळ आहे. हळूहळू अर्धवट भरला, तर भट्टीत घालायची हीच वेळ. तसाच राहिला किंवा गोळा खाली बसला, तर उशीर झाला. भाजून झालेला पावही बोलतो. कमी फुगलेला पाव बाजूने फाटतो आणि आत घट्ट, ओलसर असतो. जास्त फुगलेल्याचा वरचा भाग सुरकुततो, रंग फिका राहतो, कारण तांबूसपणासाठी लागणारी साखर यीस्टने आधीच खाल्लेली असते.

उन्हाळ्यात फ्रिजचा आधार घ्यायचा, तर एक चूक टाळावी. दीड किलोचा गोल गोळा फ्रिजमध्ये ठेवला, की त्याचं पोट गार व्हायला तीन-चार तास लागतात आणि तोवर आत यीस्ट जोरात चालूच असतं. सकाळी झाकण उघडलेलं सापडतं ते यामुळे. किलोला दोन-अडीच ग्रॅम यीस्ट घालून गार पाण्याने मळावं, अर्धा तास बाहेर ठेवावं आणि मग रुंद, उथळ डब्यात दोन बोटं जाडीचं पसरून फ्रिजमध्ये टाकावं. बारा ते वीस तास ते निवांत राहतं. बाहेर काढल्यावर गोळे करून लादीत भरले, की दुसरं फुगणं सुरू व्हायलाच तासभर लागतो, कारण पीठ आधी गरम व्हावं लागतं. तो तास कृतीच्या वेळेत धरलेला असावा.

आणि कधी सगळे हिशेब बरोबर असूनही पीठ हलत नाही, तेव्हा यीस्टच कमजोर असतं. पावसाळी दमट हवेत उघडी ठेवलेली पुडी काही आठवड्यांत निम्मी शक्ती गमावते. उघडल्यावर ते घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवावं. शंका आली, तर अर्धा कप कोमट पाण्यात एक चमचा यीस्ट आणि चिमूटभर साखर टाकून दहा मिनिटं पाहावं. वर जाड फेस आला, तर ते जिवंत आहे. पातळ, विरळ फेस आला, तर माप दीडपट करून ते संपवून टाकावं आणि नवी पुडी आणावी. उलट बाजूने, जे पीठ जास्त फुगून बसलं, ते फेकायचं कारण नाही. किंचितच पुढे गेलं असेल, तर वायू काढून पुन्हा गोळे करावेत आणि दुसऱ्या फुगण्याला कमी वेळ द्यावा. अगदीच आंबलं असेल, तर त्याचे दोनशे ग्रॅम दुसऱ्या दिवशीच्या किलोभर मैद्याच्या पिठात मळून घ्यावेत. त्यात यीस्ट जिवंत असतं, म्हणून नव्या पिठाचं यीस्ट तिसऱ्या हिश्शाने कमी करावं. उरलेल्या आंबट पिठाच्या तव्यावर जाडसर रोट्या चांगल्या होतात.